कवितेची ‘किवता’ आणि अंदाजाचा प्रश्न

सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्याला लोक सगळ्यात जास्त वेळा विचारतात तो प्रश्न म्हणजे ‘किती दिवस लागतील?’ विचारणाऱ्याचं काही चुकत नाही, कारण पैसे त्याचे असतात. अडचण एवढीच की काही कामांबाबत या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘अजून माहीत नाही’ असं असतं आणि ते तसं म्हणायला कुणी धजत नाही. मग कुणीतरी ‘दोन महिने’ म्हणतो, तो आकडा वहीत चढतो आणि पुढचं सगळं भांडण त्या आकड्याभोवती फिरत राहतं.

‘माहीत नाही’पासून ‘इतके दिवस’पर्यंत पोचण्यासाठी सॉफ्टवेअरवाल्यांनी एक रीत बसवली आहे. तिला ते स्पाइक म्हणतात. 1990च्या दशकात केंट बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग नावाची कार्यपद्धती मांडली, तिथून हा शब्द रुळला. बेक यांचे सहकारी वॉर्ड कनिंगहॅम यांची सवय अशी की काम अडलं की ते विचारायचे, आपण बरोबर वाटेवर आहोत याची खात्री पटावी म्हणून लिहिता येईल अशी सगळ्यात साधी गोष्ट कोणती? ती गोष्ट लिहायची, खात्री करून घ्यायची आणि पुढे जायचं. जुन्या वाड्याच्या दुरुस्तीचा भाव सांगण्याआधी जाणता गवंडी दोन ठिकाणी गिलावा फोडून आतली भिंत बघतो, तसलाच हा प्रकार.

वाचायला सोपं वाटतं, पण प्रत्यक्षात स्पाइक फसतात ते बहुतेक तीन ठिकाणी. एक तर प्रश्न मोघम असतो, नाहीतर वेळ सांडत जातो, नाहीतर हाती लागलेलं कुणी लिहून ठेवत नाही. हे समजायला एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. मासिक आणि टीम मी रचलेली आहे. अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि जुना मराठी मजकूर हाताळणाऱ्या कुणालाही त्या ओळखीच्या वाटतील.

नागपूरच्या एका मासिकाला आपले जुने अंक वेबसाइटवर आणायचे आहेत. 1996पर्यंतचे अंक फक्त कागदावर आहेत. 1996 ते 2003 या काळातल्या पेजमेकरच्या फाइली सीडींवर आहेत आणि त्यांतला मजकूर कृतीदेव फॉन्टात आहे. 2003मध्ये छापखाना बदलला आणि फॉन्टही बदलला. 2013पासूनचं सगळं युनिकोडमध्ये आहे, त्यामुळे त्याची चिंता नाही. संपादकांची मागणी एका वाक्यात मावते : वाचकाला जुन्या अंकांतला लेख शब्द टाकून शोधता यावा.

अशी एका वाक्यातली, वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली मागणी म्हणजे ‘स्टोरी’. टीम एकत्र बसते आणि प्रत्येक स्टोरी किती मोठी आहे याचा अंदाज पत्त्यांनी सांगते. पत्त्यांवर 1, 2, 3, 5, 8, 13 असे आकडे असतात. ते दिवसांचे नसतात, एका कामाच्या तुलनेत दुसरं काम केवढं, एवढंच ते सांगतात. सगळ्यांनी एकदम पत्ते उघडायचे, म्हणजे कुणी कुणाचं बघून बोलत नाही. या खेळाला प्लॅनिंग पोकर म्हणतात. आमच्या स्टोरीवर पत्ते उघडले तेव्हा एकीने 3 दाखवला, दुसऱ्याने 13 आणि तिसऱ्याने प्रश्नचिन्हाचा पत्ता टाकला. तोही गठ्ठ्यात असतो आणि तो टाकायला लाजू नये.

3 म्हणणारीचं म्हणणं, इंटरनेटवर कृतीदेवचे कन्व्हर्टर पडले आहेत, मजकूर टाकायचा आणि काढायचा. 13 म्हणणाऱ्याने आधी कधीतरी हे केलं होतं आणि आठवणीनेच त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. इथे टीमच्या प्रमुखाला मोह होतो तो मधला 8 घेऊन मोकळं होण्याचा. त्याने तो टाळायला हवा, कारण हा मतभेद कामाच्या आकाराबद्दलचा नाहीच. समोर नेमकं काय पडलं आहे, हेच अजून कुणाला ठाऊक नाही. पत्ते एवढे लांब पडले की त्याचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो.

म्हणून स्पाइक ठरतो. पहिला मसुदा असा येतो : ‘फॉन्ट कन्व्हर्जनचा अभ्यास करणे.’ हा मसुदा टाकून द्यावा. अभ्यासाला अंत नसतो आणि तो पुरा झाला की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. दुसरा मसुदा बरा आहे : ‘दोन्ही काळांतल्या फाइलींचा मजकूर, माणसाने ओळ न् ओळ न तपासता, शोधण्याइतका शुद्ध युनिकोडमध्ये येईल का? येत नसेल तर कशामुळे?’ याला हो, नाही किंवा ‘या फाइलींचा हो, त्या फाइलींचा नाही’ असं उत्तर असू शकतं. त्याखाली आणखी दोन ओळी येतात. पहिली : दोघांनी मिळून दोन दिवस, बुधवारी संध्याकाळी पाचला थांबायचं. दुसरी : हे उत्तर मिळाल्यावर आपण शोधाच्या स्टोरीचे तुकडे पाडून पुन्हा पत्ते टाकू. ही दुसरी ओळ बहुतेक ठिकाणी राहून जाते. कोणता निर्णय अडला आहे हे लिहिलेलं नसलं, तर शोध घेणारा स्वतःच्या कुतूहलामागे जातो आणि तिसऱ्या दिवशी सुंदर कन्व्हर्टर घेऊन येतो, पण संपादकांना सांगायला काहीच नसतं.

वेळ दोनच दिवस का, याचं शास्त्र नाही, व्यवहार आहे. चुकीच्या अंदाजाने होणाऱ्या नुकसानीपुढे शोधाचा खर्च किरकोळ असावा. दोन महिन्यांच्या कामासाठी दोन दिवस घालवणं परवडतं, चार दिवसांच्या कामासाठी परवडत नाही. तिथे सरळ कामाला लागावं.

पहिल्या सकाळी त्यांनी बारा पानं निवडली. सहा जुन्या काळातली, सहा मधल्या. मुद्दाम वेगवेगळ्या जातीची : एक कविता, एक संपादकीय, एक पाककृती, एक जाहिरातींनी भरलेलं पान. या बारा पानांचा बरोबर मजकूर छापील अंक समोर ठेवून हाताने टाइप केला. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून लोक ते टाळतात, पण त्याशिवाय ‘मजकूर ठीक आला’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

मग फाइली उघडल्या. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टांची गंमत अशी की संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नसतोच, इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्टाने फक्त d या अक्षराला क-चा चेहरा चढवलेला असतो, k-ला कान्याचा, f-ला पहिल्या वेलांटीचा. फॉन्ट काढला की खालची इंग्रजी गिचमीड उघडी पडते. शिवाय अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसते, म्हणून आधी टाइप केलेली. युनिकोडमध्ये मात्र ती उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर येते. रफाराचं उलट आहे. तो अक्षराच्या डोक्यावर शेवटी चढवला जातो, पण उच्चारात तो आधी येतो. नुसतं एका अक्षराच्या जागी दुसरं ठेवत गेलं तर काय होतं, ते त्यांनी टिपून ठेवलं :

```
dfork  ->  किवता   (नुसती अदलाबदल)
dfork  ->  कविता   (वेलांटी हलवल्यावर)
/keZ   ->  धमर्    (नुसती अदलाबदल)
/keZ   ->  धर्म    (रफार हलवल्यावर)
```

‘कविता’ शोधणाऱ्या वाचकाला ‘किवता’ असलेलं पान कधीच सापडणार नाही. वेलांटीचा नियम लिहिताना ‘स्थिती’सारखा शब्द आडवा येतो, कारण तिथे वेलांटीला अख्ख्या जोडाक्षरापलीकडे उडी मारावी लागते. तरीही हे दोन नियम दुपारपर्यंत लिहून झाले आणि जुन्या सहा पानांवर शंभरातले सत्त्याण्णव शब्द बरोबर यायला लागले.

इथे 3 म्हणणारी खूश झाली असती, पण उरलेल्या तीन शब्दांत एक नमुना दिसला. ‘ज्ट’ असा विचित्र शब्द दोन-तीनदा आलेला. छापील अंक पाहिल्यावर उलगडा झाला : तिथे इंग्रजीत TV छापलं होतं. त्यांनी पेजमेकरमधून मजकूर साध्या टेक्स्ट फाइलीत काढला होता आणि साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टाची माहिती गळून पडते. मग कुठला T खरा इंग्रजी आणि कुठला T म्हणजे कृतीदेवमधला अर्धा ज, हे सांगायला काहीच उरत नाही. तोच मजकूर आरटीएफमध्ये काढला तर प्रत्येक तुकड्याला त्याचा फॉन्ट चिकटून येतो. ही अर्ध्या तासाची माहिती. काम निम्म्यावर आल्यावर कळली असती, तर आठ वर्षांच्या फाइली पुन्हा काढाव्या लागल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी मधला काळ घेतला. या फॉन्टाचा तयार तक्ता कुठेच मिळाला नाही. दोघांनी छापील पान आणि फाइल शेजारी ठेवून स्वतःच तक्ता बनवायला घेतला. दुपारी चार वाजेपर्यंत साठ खुणा जुळल्या आणि शंभरातले सत्तर शब्द बरोबर यायला लागले. या आकड्याने कुणाचंच समाधान होत नाही. आणखी एक दिवस मागायचा मोह होतो तो इथेच, आणि मागितला की बहुधा मिळतोही. पण त्यांना तक्ता पुरा करायचा नव्हता, तक्ता पुरा करायला किती लागेल हे सांगायचं होतं. म्हणून शेवटच्या तासात तक्ता तिथेच सोडून त्यांनी मोजणी केली. मधल्या काळातल्या सगळ्या फाइलींमध्ये न ओळखलेल्या खुणा एकूण किती आणि प्रत्येक खूण किती वेळा येते? उत्तर आलं चौऱ्याहत्तर. त्यातल्या वीस-बावीस खुणाच वारंवार येणाऱ्या, बाकीच्या क्वचित. अशा फॉन्टात मुळात 256पेक्षा जास्त जागाच नसतात, त्यामुळे नवनवीन खुणा निघतच राहतील ही भीतीही गेली. ‘हे सगळं फार अवघड आहे’ या वाक्याच्या जागी चौऱ्याहत्तर ओळींची यादी आली. तासाला किती खुणा जुळतात हे तर त्यांनी आदल्या तासांत अनुभवलंच होतं. माझ्या मते या दोन दिवसांतली सगळ्यात मोलाची गोष्ट ही मोजणी, आणि त्यात एकही अक्षर कन्व्हर्ट झालं नाही.

जाता जाता आणखी एक सापडलं. कृतीदेवसाठी इंटरनेटवरून घेतलेला तक्ता हिंदीसाठी केलेला होता आणि हिंदीत आपला ऱ्य नाही. मधल्या काळाच्या फॉन्टावरही त्यांनी त्याच धर्तीचे नियम लावून पाहिले, तेव्हा ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ झालं. पाककृतीच्या पानावर स्वयंपाकी एकदम गुरुजी झाले. शब्दकोशात दोन्ही शब्द शुद्ध, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम ही चूक कधीच पकडणार नाही.

बुधवारी पाच वाजता ते थांबले. मग लिहिण्याची वेळ.

यासाठी मोठा अहवाल लागत नाही, एक पान पुरतं. पण त्यात काय पाहिलं आणि त्यावरून काय वाटतं, हे वेगवेगळं असावं लागतं. ‘कृतीदेवचा मजकूर चांगला निघतो’ हे मत झालं. ‘सहा पानांवर शंभरात सत्त्याण्णव शब्द बरोबर, चुकलेल्या शब्दांची यादी सोबत’ हे निरीक्षण. सहा महिन्यांनी मत निरुपयोगी होतं, निरीक्षण टिकतं. त्यांच्या पानावर वर प्रश्न आणि तारीख, मग उत्तर दोन वाक्यांत, मग काय करून पाहिलं, आणि त्याखाली एक मथळा : ‘जे पाहिलं नाही’. त्यात त्यांनी लिहिलं की जाहिरातींतले शोभेचे फॉन्ट तपासले नाहीत, दोन सीडी उघडल्याच नाहीत आणि कागदी अंकांना हात लावला नाही. हा मथळा लिहायला माणसाला जड जातं, आपण कामचुकारपणा केला असं वाटतं. पण पुढे अंदाज चुकला तर बहुधा तो इथूनच चुकतो, म्हणून वाचणाऱ्याने आधी हाच भाग वाचावा.

दोन दिवसांत लिहिलेला कन्व्हर्टर मात्र फेकून द्यायचा. तो बारा पानांवर चालावा एवढ्याच हेतूने घाईत लिहिलेला असतो. ‘निम्मं काम झालंच आहे’ म्हणत तोच पुढे रेटला, तर त्यातली प्रत्येक पळवाट पुढच्या कामाच्या पायात येते. ठेवायच्या त्या दोन गोष्टी : हाताने टाइप केलेली बारा पानं आणि चौऱ्याहत्तर खुणांची यादी.

आता स्टोऱ्या. तुकडे पाडताना टीमचा हात पहिल्यांदा आतल्या रचनेकडे जातो : मजकूर काढणारा भाग, कन्व्हर्टर, डेटाबेस, शोधाचं पान. असे तुकडे केले तर पहिले तीन पुरे होऊनही वाचकाला काहीच मिळत नाही आणि कुठलाही एक तुकडा गाळता येत नाही. शोधातून कळलेलं सगळ्यात महत्त्वाचं हेच होतं की तिन्ही काळांतला मजकूर तीन वेगळ्या जातींचा आहे, म्हणून चिरेही तिथेच पाडायचे. पहिली स्टोरी : वाचकाला 1996 ते 2003 या अंकांतले लेख शब्दाने शोधता यावेत. दुसरी : तेच 2003 ते 2013साठी. तिसरी संपादकांसाठी : शब्दकोशात न सापडलेले शब्द, जास्त वेळा येणारे वर, अशा यादीत दिसावेत आणि एकदा दुरुस्त केला की तो शब्द सगळीकडे दुरुस्त व्हावा. चौथी अगदी लहान : शोधताना ऱ्य आणि र्य एकच मानावेत, म्हणजे आचारी शोधणाऱ्याला गुरुजी भेटले तरी चालतील, पण आचारी हरवायला नकोत.

प्रत्येक स्टोरी कधी पुरी झाली म्हणायची, हे त्या बारा पानांनीच ठरवलं. दुसऱ्या स्टोरीखाली लिहिलं : मधल्या काळातल्या सहा पानांवर शंभरात पंच्याण्णव शब्द हाताने टाइप केलेल्या मजकुराशी जुळले पाहिजेत. हे पंच्याण्णव संपादकांनी ठरवले. टीमने फक्त प्रत्येक पुढच्या टक्क्याला किती कष्ट पडतात ते सांगितलं. बिल वेक यांनी 2003मध्ये चांगल्या स्टोरीचे जे सहा गुण सांगितले, त्यांत अंदाज करता येणं आणि तपासता येणं हे दोन वेगळे गुण आहेत. या उदाहरणात दुसरा नसता तर पहिला आलाच नसता.

पुन्हा पत्ते पडले. कृतीदेवच्या स्टोरीवर सगळ्यांनी 5 टाकला. मधल्या काळावर दोन 8 आणि एक 5. शेजारचे आकडे आले की बोलून मिटवता येतं, म्हणून 8 धरला. संपादकांची यादी 5, ऱ्य-ची स्टोरी 1. बेरीज 19. पहिल्या दिवशी मधला 8 घेतला असता तर काम निम्म्याहून कमी धरलं गेलं असतं. स्पाइकनंतर अंदाज वाढला की काही मंडळी नाराज होतात, जणू शोधानेच काम वाढवलं. पण ते काम सीडींमध्ये आधीपासून पडून होतं. आणि स्पाइकनंतरही पत्ते 3 आणि 13 असेच पडले असते, तर वेळ कमी पडला असं धरू नये. बहुधा प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो.

खुद्द स्पाइकला पत्ता लावावा का, यावर टीमांमध्ये वाद चालतात. मी लावू नये या बाजूचा आहे. त्याचा खर्च आधीच ठरलेला असतो, तो अंदाजायचा कसला? तेवढे तास वेळापत्रकातून बाजूला काढावेत, झालं. स्पाइकांचीच सवय लागणं हेही दुखणं आहे. दर पंधरवड्यात चार-चार स्पाइक निघायला लागले की टीम अंदाज चुकण्याला घाबरते आहे, एवढंच त्यातून कळतं. आणि एकच जाणता माणूस दर वेळी शोधाला बसला, तर कागदावर काहीही लिहिलं असलं तरी बाकीचे पत्ते टाकताना त्याच्या तोंडाकडे बघतात. जोडी बसवण्याचं कारण तेच. आमच्या उदाहरणात 3 म्हणणारी आणि 13 म्हणणारा, हेच दोघं बसले होते.

राहिले 1996पूर्वीचे कागदी अंक. त्यांच्यासाठी पानांचे फोटो काढून संगणकाकडून अक्षरं ओळखून घ्यावी लागतील आणि त्या वेळच्या पिवळ्या कागदावर ते किती जमेल हे कुणालाच माहीत नाही. टीमने त्याला पत्ता टाकला नाही. नवा स्पाइक सुचवला : एक दिवस, तीन दशकांतली प्रत्येकी चार पानं, प्रश्न तोच. संपादकांनी आकडेमोड ऐकून घेतली आणि तो स्पाइक नको म्हणाले. त्या अंकांची अनुक्रमणिका कार्यालयातला एक जण महिनाभरात टाइप करू शकतो, वाचकाला लेखाचं आणि लेखकाचं नाव शोधता आलं की पानाचा फोटो दाखवा, एवढं पुरे. त्याची स्टोरी लिहून झाली आणि पत्ते टाकले तेव्हा तिघांनीही 3 टाकला.